‘बैठकीबाबत’ एवढ्याने काय कळतं?

शाळेत अर्ज लिहायला शिकवतात तेव्हा ‘प्रति’ आणि पत्ता झाला की एक ओळ येते : ‘विषय : तीन दिवसांची रजा मिळणेबाबत’. बाकीचा अर्ज न वाचताही मुख्याध्यापकांना कळतं की रजा हवी आहे आणि तीन दिवसांची हवी आहे. पुढे तोच विद्यार्थी नोकरीला लागतो आणि सहकाऱ्यांना मेल पाठवू लागतो. विषयाच्या जागी ‘बैठकीबाबत’, ‘मीटिंगच्या वेळेसंबंधी’ किंवा नुसतंच ‘Meeting’ असं लिहितो. ‘बाबत’ टिकलं, मागणी मात्र गळाली. बैठक ठरवायची आहे, ठरली आहे, पुढे ढकलली आहे की रद्द झाली आहे, यातलं काहीच त्या ओळीवरून समजत नाही.

कागदी पत्रात हे खपून जातं, कारण विषयाखालचा मजकूर त्याच क्षणी डोळ्यांसमोर असतो. मेलचा विषय आधी एका लांबलचक यादीत एकटा दिसतो. त्याच्या सोबतीला फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचे पहिले काही शब्द असतात. फोनवर तर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात आणि पुढे तीन टिंबं येतात. फोन आणि अक्षरांचा आकार यांप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, पण पहिल्या चार-पाच शब्दांच्या पलीकडे फारसं काही दिसत नाही. वेळ ठरवण्याच्या मेलचं सगळं यश त्या चार-पाच शब्दांत असतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यातल्या एका कंपनीत प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंना लंडन आणि न्यू जर्सीतल्या सहकाऱ्यांबरोबर बिलिंगच्या कामाचा आढावा घ्यायचा आहे. महिना आहे मार्च 2025. अशा मेल बहुधा इंग्रजीत लिहिल्या जातात. इथे त्या मराठीत दिल्या आहेत, पण शब्दांचा क्रम दोन्हीकडे तोच ठेवायचा.

पहिली मेल वेळ विचारणारी. तिचा विषय हवा : ‘वेळ कळवा, गुरु. 6 मार्चपर्यंत : बिलिंग आढावा, 11 की 12?’ यात वाचणाऱ्याने काय करायचं ते सगळ्यात आधी आलं, कधीपर्यंत करायचं ते त्यामागोमाग आलं आणि बैठकीचं नाव शेवटी गेलं. हे उलट करून ‘बिलिंग आढावा बैठकीच्या आयोजनासाठी आपल्या सोयीची वेळ कळवण्याबाबत’ असं लिहिलं, तर फोनवर ‘बिलिंग आढावा बैठकीच्या आयोजनासाठी…’ एवढंच दिसेल. ते वाचणाऱ्याला वाटेल की बैठकीची माहिती आली आहे, संध्याकाळी निवांत बघू. उत्तर न येण्यामागे दर वेळी आळसच असतो असं नाही. पुष्कळदा आपल्याकडून उत्तर हवं आहे हेच त्याला कळलेलं नसतं.

दोघांची उत्तरं आली आणि मंगळवार ठरला. दुसरी मेल ही पक्की वेळ सांगणारी. तिचा विषय : ‘ठरलं : मंगळ. 11 मार्च, पुणे सायं. 6:30, बिलिंग आढावा’. लंडन आणि न्यू जर्सीच्या वेळाही विषयात घातल्या, तर ओळ लांबते आणि नेमक्या त्याच वेळा कापल्या जातात. त्यांची जागा मेलच्या पहिल्या वाक्यात आहे, कारण यादीत विषयाच्या शेजारी किंवा खाली तेच वाक्य दिसतं. म्हणून मेलची सुरुवात ‘नमस्कार, आपण सर्व कुशल असाल अशी आशा’ अशी न करता ‘लंडन दुपारी 1, न्यू जर्सी सकाळी 9, पुणे सायंकाळी 6:30’ अशी करावी. नमस्कार दुसऱ्या ओळीत गेला म्हणून कोणी रागावत नाही.

वेळेपुढे गावाचं नाव लिहिण्याचं कारण याच महिन्यात दडलेलं आहे. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात. 2025 मध्ये तो रविवार 9 तारखेला आला. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे 30 तारखेला पुढे गेली. भारताचं घड्याळ बदलत नाही. न्यू जर्सीच्या सकाळी 9 ला बांधलेली बैठक 4 मार्चला पुण्यात सायंकाळी 7:30 ला आणि लंडनमध्ये दुपारी 2 ला होती. 11 मार्चला तीच बैठक पुण्यात 6:30 ला आणि लंडनमध्ये दुपारी 1 ला आली. महिनाअखेर ब्रिटनचं घड्याळ हललं आणि लंडनची वेळ परत दुपारी 2 झाली, पुण्याची मात्र 6:30 च राहिली. त्या तीन आठवड्यांत ‘नेहमीच्या वेळी’ असा विषय लिहिणारा माणूस पुणेकरांना आणि लंडनकरांना तासभर उशिरा आणणार, आणि चूक कोणाची यावर पुढची दहा मिनिटं जाणार.

‘IST’ लिहून भागेल असं अनेकांना वाटतं. ही तीन अक्षरं भारताप्रमाणेच इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरली जातात. ‘पुणे’ किंवा ‘भारत’ लिहिलं की प्रश्न मिटतो. तारखेचंही तसंच. ‘11/3’ आपल्याला 11 मार्च वाटते, पण अमेरिकेतला माणूस ती 3 नोव्हेंबर अशी वाचतो. महिना अक्षरांत लिहावा आणि सोबत वारही द्यावा. वार आणि तारीख जुळत नसतील, तर लिहिणाऱ्याचा हात चुकला आहे हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं आणि तो विचारतो. नुसती तारीख चुकली तर कोणालाच पत्ता लागत नाही.

खरा घोळ होतो तो तिसऱ्या मेलला. समजा, मंगळवारची बैठक बुधवारवर गेली. बाई आधीच्याच मेलला उत्तर देतात आणि आत लिहितात की बैठक उद्या घेऊ. विषय मात्र जुनाच राहतो : ‘Re: ठरलं : मंगळ. 11 मार्च…’ यादीत ती मेल आधीच्या साखळीत जाऊन बसते आणि वरवर पाहणाऱ्याला बैठक मंगळवारीच आहे असं वाटतं. मजकूर एक सांगतो, विषय दुसरं सांगतो आणि घाईत असलेला माणूस विषयावर विश्वास ठेवतो. इथे विषय बदलायलाच हवा : ‘बदल : बुध. 12 मार्च, पुणे सायं. 6:30, बिलिंग आढावा (मंगळवारी नाही)’.

जीमेलमध्ये संगणकावर उत्तर लिहिताना पत्त्याशेजारी एक छोटा बाण असतो. तो दाबला की ‘Edit subject’ असा पर्याय येतो. विषय बदलला की जीमेल ती मेल जुन्या साखळीतून काढून नवी साखळी सुरू करतं. बदल कळवताना हाच फायदा आहे, कारण नवी मेल यादीत वेगळी, नव्या तारखेसह दिसते. पण याच कारणाने किरकोळ गोष्टीसाठी विषय बदलत राहू नये. ‘मला चालेल’ एवढं सांगण्यासाठी कोणी विषयाला हात लावला, तर एकाच बैठकीच्या चार साखळ्या होतात आणि कोणती शेवटची ते शोधत बसावं लागतं. तारीख, वेळ किंवा जागा बदलली किंवा बैठक रद्द झाली, तरच विषय बदलावा. बैठकीचं नाव मात्र पहिल्या मेलपासून शेवटच्या मेलपर्यंत अक्षरशः तेच ठेवावं. आज ‘बिलिंग आढावा’, उद्या ‘बिलांची मीटिंग’ असं केलं, तर शोधपट्टीत एक नाव टाकणाऱ्याला अर्ध्याच मेल सापडतात.

गूगल कॅलेंडरवरून आमंत्रण पाठवलं की विषय यंत्रच बनवतं. सुरुवातीला ‘Invitation:’ किंवा बदल असेल तर ‘Updated invitation:’, मग बैठकीला दिलेलं नाव आणि त्यानंतर तारीख-वेळ असा तो असतो. फोनवर सुरुवातीची बरीच जागा त्या यांत्रिक शब्दांतच जाते. उरलेल्या जागेत बैठकीचं नाव बसवायचं, म्हणून ते छोटं आणि नेमकं हवं. इथे एक चूक सर्रास होते. पाठवणारा स्वतःच्या बाजूने नाव देतो : ‘लंडनशी कॉल’. तेच नाव लंडनच्या माणसाच्या कॅलेंडरमध्येही उमटतं आणि तो बिचारा लंडनमध्ये बसून लंडनशी कॉल करणार असतो. दोन्ही बाजूंना अर्थ लागेल असं नाव द्यावं, म्हणजे ‘बिलिंग आढावा : पुणे–लंडन’.

विषयात काय लिहू नये, हेही पाहायला हवं. फोन बंद असतानाही विषय पडद्यावर उमटतो आणि शेजारी बसलेला तो वाचू शकतो. नोकरीची मुलाखत, डॉक्टरांची भेट, पगाराची चर्चा असल्या मेलच्या विषयात तारीख आणि वेळ असावी, कारण असू नये. ‘भेट : शुक्र. 14 मार्च, स. 11’ एवढं पुरतं. आणि ‘तातडीचे’ हा शब्द रोजच्या मेलला जोडला, तर खऱ्या तातडीच्या दिवशी त्याकडे कोणी बघत नाही.

आता घराजवळचं उदाहरण. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींनुसार सभासदांना पूर्ण 14 दिवस आधी सूचना द्यावी लागते. सूचना देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. 2025 मध्ये रविवार 21 सप्टेंबरला सभा ठेवायची, तर सूचना उशिरात उशिरा 6 सप्टेंबरला निघायला हवी. ती बहुतेक ठिकाणी मेलनेही जाते आणि तिचा विषय असतो ‘सूचना’. तारीख, वेळ, जागा असं सगळं सोबतच्या पीडीएफमध्ये असतं. सभासद ती पीडीएफ उघडत नाहीत आणि मग गणसंख्येअभावी सभा तहकूब होते. सगळा दोष विषयाच्या ओळीचा नाही, हे खरं. पण ‘रवि. 21 सप्टें., स. 10:30, वार्षिक सभा, क्लबहाउस’ असा विषय लिहिला, तर पीडीएफ न उघडणाऱ्यालाही तारीख कळते आणि रविवारचा बेत आखताना ती त्याच्या लक्षात राहते. विषयपत्रिका आणि हिशेब सोबतच्या कागदात राहू द्यावेत, कारण कायद्याच्या दृष्टीने सूचना तीच.

सोसायटीच्या सचिवांनी या वर्षीची सूचना पाठवण्याआधी ती मेल एकदा स्वतःलाच पाठवावी आणि फोनवर न उघडता पाहावी. सभेचा वार, तारीख आणि वेळ त्या यादीत दिसली, तरच ती सगळ्या सभासदांना पाठवावी.