वाटेवरून वाचता येणारे दालन
केस्लापूरच्या जत्रेतील प्रदर्शन-दालनाची रचना : एक चिकित्सा

आदिलाबाद जिल्ह्यातील इंदरवेल्ली मंडलात केस्लापूर येथे दरवर्षी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड बांधवांचा हा मुख्य उत्सव होय. 1940च्या दशकात मानवशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने येथे दरबार भरविण्याची प्रथा पडली. तेव्हापासून शासनाचे अधिकारी आणि आदिवासी जनता यांची जत्रेत समोरासमोर भेट होत आली आहे. दरबाराच्या जोडीला शासकीय खात्यांची दालने व हस्तकलेच्या विक्रीचे मांडवही उभे राहतात. अशा दालनात वस्तू कितीही चांगली असली, तरी वाटेवरून जाणाऱ्या माणसाला ती तेथे आहे हे वेळेवर कळले नाही तर तो पुढे निघून जातो. म्हणून दालनाची परीक्षा आतून न करता वाटेवरून केली पाहिजे.

नमुन्याचे दालन

चिकित्सेसाठी डोकरा वस्तूंचे एक दालन कल्पनेने उभे करू. मेणाच्या नमुन्याभोवती मातीचा साचा करून, मेण वितळवून काढून त्या जागी वितळलेले पितळ ओतण्याची ही कला पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यात उशेगाव व केस्लागुडा या गावांत वोज कारागिरांनी जतन केली. 2016 च्या पुनर्रचनेनंतर हा भाग कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेला. ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकेका वस्तूसाठी साचा नव्याने घडवावा लागतो आणि तो ओतकामात मोडून जातो. त्यामुळे कारखान्यातील ओतीव पितळेपेक्षा या वस्तूला मोल अधिक असते. हा फरक ग्राहकाच्या लक्षात आला नाही, तर तो कारागिराच्या मालाची तुलना शेजारच्या स्वस्त मालाशी करतो आणि कारागिराच्या श्रमाचे मोल बुडते.

आपले दालन 10 फूट रुंद व 10 फूट खोल आहे. ते 10 फूट रुंदीच्या वाटेच्या कडेला, इतर दालनांच्या ओळीत उभे आहे. दर्शनी बाजूस 6 फुटांपासून 8 फुटांपर्यंत उंचीवर एक लांब फलक बांधला आहे. त्यावर पहिल्या ओळीत खात्याचे पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत योजनेचे नाव आणि तळाच्या ओळीत, 2 इंची अक्षरांत, ‘डोकरा हस्तकला वस्तू’ असा मजकूर आहे. फलकाखाली संपूर्ण रुंदीचे टेबल आडवे लावले आहे. ही मांडणी जत्रांतून व मेळ्यांतून सर्रास आढळते आणि तिचे दोष तीन आहेत.

पहिला दोष : फलक समोरून पाहण्यासाठी केलेला

फलक रंगविणारा तो भिंतीला टेकवून, समोर उभा राहून पाहतो. जत्रेतील माणूस मात्र दालनाकडे समोरून येत नाही. तो वाटेने सरळ चालत असतो आणि दालन त्याच्या बाजूला असते. वाटेच्या मध्यावरून चालणारा माणूस दालनांच्या रेषेपासून साधारण 5 फूट अंतरावर असतो. फलकाचा मध्य त्याच्यापुढे 40 फुटांवर असताना त्याची दृष्टी फलकाला अवघ्या 7 अंशांच्या कोनात भिडते. तेव्हा 10 फुटांचा फलक त्याला सव्वा फूट रुंदीएवढाच भासतो. अक्षरांची उंची तीच राहते, रुंदी मात्र आठव्या हिश्श्यावर येते, आणि अक्षरे उभ्या रेघांचे कुंपण बनतात. 20 फुटांवर कोन 14 अंश होतो व अक्षर चौथ्या हिश्श्याएवढे दिसते. 10 फुटांवर आल्यावरही ते निम्म्याहून कमीच रुंद दिसते.

गर्दीतील चाल सेकंदाला सुमारे 2 फूट धरली, तर 10 फूट पार करण्यास 5 सेकंद लागतात. याचा अर्थ असा की फलक कसाबसा वाचनीय होण्यापासून दालन मागे पडेपर्यंत प्रवाशाला मोजके क्षणच मिळतात, आणि त्या वेळी त्याचे लक्ष बहुधा सोबतच्या मुलांकडे व पुढच्या गर्दीकडे असते.

यावर उपाय साधा आहे. वाटेला काटकोनात, म्हणजे येणाऱ्याच्या तोंडासमोर येईल असा 2 फूट रुंदीचा एक छोटा फलक दालनाच्या कोपऱ्याच्या खांबाला बांधावा व तो दोन्ही बाजूंनी रंगवावा. 40 फुटांवरून तो जवळजवळ पूर्ण रुंदीचा दिसतो आणि त्यावरील अक्षरांचा आकार बिघडत नाही. लांब दर्शनी फलक काढून टाकण्याचे कारण नाही. वाटेच्या पलीकडून पाहणाऱ्याला व समोर थांबलेल्याला तो उपयोगी पडतो. तथापि येणाऱ्याला बोलावण्याचे काम काटकोनी फलकाचे आहे.

या उपायालाही मर्यादा आहे. ओळीतील प्रत्येक दालनाने असा फलक काढला, तर पहिला फलक पुढच्या सर्वांना झाकतो. म्हणून फलक कोठपर्यंत पुढे काढावयाचा व कोणी किती उंचीवर लावावयाचा, हे जत्रा समितीने आधीच ठरवून देणे इष्ट ठरते.

दुसरा दोष : उंची डोक्यांमध्ये हरवलेली

आपल्या नमुन्यात सर्वांत महत्त्वाची ओळ तळाशी, म्हणजे सव्वासहा फुटांच्या आसपास आहे. जमिनीपासून डोळ्यांची उंची 5 फूट असलेला माणूस फलकापासून 20 फूट दूर आहे आणि त्याच्यापुढे 5 फुटांवर साडेपाच फूट उंचीचा दुसरा माणूस चालत आहे, असे समजू. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी दृष्टिरेषा फलकापाशी पोचते तेव्हा ती 7 फुटांवर असते. त्याखालचे सर्व काही त्या डोक्याआड जाते. डोळ्यांची उंची पावणेपाच फुटांहून थोडी कमी असलेल्या स्त्रीसाठी हाच हिशेब केला, तर ही मर्यादा 8 फुटांवर जाते. पुढच्याच्या खांद्यावर मूल किंवा डोक्यावर गाठोडे असल्यास ती आणखी वाढते. नमुन्यातील फलक रिकाम्या मैदानात उत्तम दिसतो, आणि जत्रा भरल्यावर त्यातील नेमकी हवी ती ओळ नाहीशी होते.

यावरून मुख्य फलकाची खालची कड 8 फुटांवर असावी, असा नियम निघतो. उंच फलक अधिक चांगला असे समजून तो 12 ते 14 फुटांवर चढविण्याचाही मोह होतो. पण तेवढ्या उंचीचा फलक पाहण्यासाठी 10 फुटांवरील माणसाला मान सुमारे 35 अंश वर करावी लागते, आणि गर्दीत चालणारा माणूस ते करीत नाही. 8 ते 10 फुटांच्या पट्ट्यातील फलक 20 फुटांवरून पाहताना नजर दहा-अकरा अंशच वर जाते, व तेवढी ती सहज जाते. अगदी जवळ आल्यावर हाही फलक दृष्टीआड होतो. म्हणून जवळच्या माणसासाठी किंमत, कारागिराचे गाव व घडविण्याची रीत सांगणारी वेगळी पाटी डोळ्यांच्या उंचीवर, दालनाच्या आत हवी.

ही पाटी आत कोठे लावावी, हेही येण्याच्या दिशेवर ठरते. दालन डाव्या हाताला ठेवून येणाऱ्याला आतली पलीकडची बाजूभिंत आपल्याकडे तोंड केलेली दिसते. मात्र अलीकडच्या भिंतीमुळे ती पूर्ण दिसत नाही. दालनाच्या मध्यापासून 20 फुटांवर असताना त्या भिंतीचा फक्त पुढचा सव्वातीन फुटांचा भाग दिसतो. पाटी आणि सर्वांत लक्षवेधी वस्तू याच भागात ठेवावी. नमुन्यातील आडवे टेबल येण्याच्या बाजूने 3 फूट मोकळे सोडावे, म्हणजे थबकलेल्या माणसाला गर्दीचा धक्का न लागता आत वळता येते.

गर्दी कोणत्या बाजूने अधिक येते हे गृहीत धरू नये. देवळाकडून येणारा व बाजाराकडून येणारा प्रवाह वेळेनुसार बदलतो. पहिल्या दिवशी सकाळी व संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटे दोन्हीकडून येणारी माणसे मोजली, तरी पुरेसा अंदाज येतो.

तिसरा दोष : नाव आधी, वस्तू शेवटी

खात्याचे पूर्ण नाव पहिल्या ओळीत लिहिण्याची पद्धत कार्यालयीन पत्रातून फलकावर आली आहे. पत्र वाचणारा बसून वाचतो, फलक वाचणारा मात्र चालत असतो. त्याला प्रथम ‘येथे काय आहे’ हे कळावयास हवे, आणि ‘हे कोणाचे आहे’ हे नंतर. म्हणून काटकोनी फलकावर एकच शब्द असावा : ‘डोकरा’. दर्शनी फलकावर ‘हाताने ओतलेले पितळ’ एवढे पुरे. खात्याचे नाव व बोधचिन्ह त्याखाली लहान अक्षरांत द्यावे.

अक्षराच्या आकारासाठी फलक रंगविणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. दर 10 फूट अंतरामागे अक्षर 1 इंच उंच असावे. त्यानुसार 40 फुटांवरून वाचावयाच्या शब्दाला 4 इंची अक्षर लागते. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. वरच्या व खालच्या मात्रांची जागा वेगळी धरावी, नाहीतर मात्रांसह 4 इंच मोजलेले अक्षर प्रत्यक्षात अडीच-तीन इंचांचेच भरते.

आदिलाबादेत तेलुगू, मराठी व गोंडी बोलणारे लोक एकाच वाटेने येतात. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते मिळाली असून ती लिपी गुंजाळा गोंडी या नावाने ओळखली जाते. तीन भाषा एकाच ओळीत कोंबल्या तर प्रत्येकीचे अक्षर लहान होते व कोणतीच वाचता येत नाही. त्यापेक्षा काटकोनी फलकाच्या वरच्या भागात डोकरा हत्तीची ठळक गडद आकृती काढावी. ती वाचता न येणाऱ्यालाही कळते, आणि तिच्याखाली एकच शब्द प्रत्येक लिपीत स्वतंत्र ओळीत येऊ शकतो. आतील वस्तूंमागे मात्र पिवळे कापड लावू नये. पितळ त्यात मिसळून जाते, तर गडद निळ्या किंवा काळ्या कापडावर तेच उठून दिसते.

परीक्षा

फलक रंगविण्यापूर्वी कागदावर त्याच मापाची अक्षरे काढून तो बांबूला बांधावा. दालनाची माहिती नसलेल्या चार-पाच व्यक्तींना एकेक करून वाटेने चालावयास सांगावे आणि ‘येथे काय मिळते’ हे त्यांना ज्या जागी कळेल तेथे चुन्याने खूण करावी. खुणा दालनाच्या अलीकडे 20 फुटांहून लांब पडल्या, तर फलक काम करतो. त्या दालनासमोर किंवा त्यापुढे पडल्या, तर त्याचे कारण फलकाच्या कोनात, उंचीत किंवा शब्दांत शोधावे. अशीच चाल जत्रा भरल्यावर, ऐन गर्दीत पुन्हा करून पाहावी, कारण उंचीचा दोष रिकाम्या वाटेवर कधीच उघडकीस येत नाही.