फोन हरवला, कोड देणारं ॲपही त्यातच. आता जीमेल कसं उघडायचं?

गड्डा यात्रेत मामेभावाचा फोन गेला. ऑथेंटिकेटर ॲप त्याच फोनवर, बॅकअप कोड कधी काढलेच नव्हते. पासवर्ड पाठ होता, पण जीमेल सहा आकडी कोड मागत होतं.

वाट सापडली ती त्याच्या चादरीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. तिथं पूर्वी लॉगिन करताना ‘Don't ask again on this device’वर टिक केली होती, त्यामुळे पासवर्डवर काम भागलं. सिक्युरिटीत जाऊन जुनं ऑथेंटिकेटर काढलं, नव्या फोनवर जोडलं आणि बॅकअप कोड छापून घेतले. अशा कॉम्प्युटरवरून चुकूनही लॉगआउट करू नका, ब्राउझरच्या कुकीज पुसू नका.

असा कॉम्प्युटर नसेल, पण खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या. मात्र सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. तेवढं थांबा. तेही जमलं नाही, तर g.co/recover वर जा, शक्यतो नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वायफायवर. पडताळणीला काही दिवस लागू शकतात.

‘पैसे द्या, खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका.