ब्लाउजची शिलाई नेमकी किती घ्यायची? दर ठरवण्याचं सोपं गणित

‘ताई, शिलाई किती?’ या प्रश्नावर ‘द्या समजून’ असं उत्तर दिलं की नुकसान तिथूनच सुरू होतं. घरून शिवणकाम करणाऱ्या अनेकजणी दर शेजारणीकडे पाहून ठरवतात. खरं तर तो आपल्या तासांवरून ठरायला हवा.

समजा, चिंचणीतली एक ताई रोज 6 तास, महिन्याला 25 दिवस शिवते. म्हणजे 150 तास. त्यातले 30 तास मापं घेण्यात, फोनवर बोलण्यात आणि अस्तर, हूक आणायला बोईसरला जाण्यात जातात. प्रत्यक्ष शिलाईला उरतात 120 तास. तिला महिन्याला 12,000 रुपये सुटायला हवेत आणि वीज, मशीनची दुरुस्ती, प्रवास यांचा खर्च 1,200 रुपये आहे. 13,200 भागिले 120, म्हणजे तासाला 110 रुपये.

यातून तीन पॅकेज बनतात

- साधा ब्लाउज, 180 रुपये: दीड तासाचे 165, दोरा-हूकचे 15.
- अस्तराचा ब्लाउज, 350 रुपये: अडीच तासांचे 275, दोरा-हूकचे 15, अस्तराचे 60.
- पायपिंग आणि लटकनसह, 600 रुपये: चार तासांचे 440, सामानाचे 160.

पैसे कुठे बुडतात?

‘शिवतेच आहेस तर लटकनही लाव ना,’ इथे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दर पाठवताना त्यात काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही लिहायचं. उदाहरणार्थ, 8 दिवसांच्या आत एकदा फिटिंग मोफत; कापड कापल्यावर गळा बदलायचा असेल तर वेगळे पैसे; दोन दिवसांत हवा असेल तर 100 रुपये जास्त; 600च्या कामाला निम्मी रक्कम आधी. मापाच्या वहीत गळ्याचं चित्र काढून गिऱ्हाइकाला दाखवलं, तर पुढचा वाद टळतो.

दर चुकलाय हे कसं कळेल?

दहा ब्लाउजचा वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा. अस्तराच्या ब्लाउजला अडीचऐवजी तीन तास लागत असतील, तर प्रत्येक ब्लाउजमागे 55 रुपये खिशातून जातायत.

आणि गावातला दर 300च असेल तर? तासाचा भाव पाडण्याऐवजी पॅकेजमधून काहीतरी काढा. अस्तर गिऱ्हाइकानं आणलं, तर तोच ब्लाउज 290 रुपयांत बसतो. मात्र काम पुरेसं नसेल आणि 120 तास भरतच नसतील, तर हे गणित 12,000 मिळवून देणार नाही.

शिकवणी किंवा फोटोग्राफीलाही हीच पद्धत चालते. फक्त लपलेले तास वेगळे असतात: शिकवणीत पेपर तपासण्याचे, फोटोग्राफीत एडिटिंगचे.