राउटरच्या यादीतले अनोळखी पाहुणे

घरच्या वायफायला त्या घडीला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, याची यादी राउटर स्वतःच ठेवतो. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असा राउटरचा पत्ता टाइप करून लॉगिन केले की ती दिसते. पत्ता आणि पासवर्ड बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर छापलेले असतात. यादीत प्रत्येक उपकरणाचे नाव, आयपी पत्ता आणि बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता असतो.

नावावर मात्र फारसा भरवसा ठेवता येत नाही. समजा, यादीत सात ओळी आहेत आणि त्यातल्या दोन अनोळखी वाटतात. एकीचे नाव ESP_3C21A7 आहे. ते एस्प्रेसिफ कंपनीच्या चिपवरून आलेले असते आणि ही चिप स्वस्त स्मार्ट बल्ब-प्लगमध्ये सर्रास सापडते. म्हणजे हा ‘घुसखोर’ बहुधा हॉलमधला दिवाच. दुसरीला नावच नाही, मॅक पत्ता DA ने सुरू होतो. एरवी पहिल्या सहा अंक-अक्षरांवरून निर्माता कळतो. पण दुसऱ्या जागी 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता बहुधा फोनने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खरा पत्ता लपवतात, त्यामुळे घरातलाच फोन परका वाटू शकतो.

खात्री करण्याचा साधा मार्ग वगळण्याचा. घरातल्या फोनचे वायफाय एकेक करून बंद करावे, यादी रिफ्रेश करावी आणि कोणती ओळ गेली ते पाहावे. त्यासाठी ‘वायरलेस क्लायंट्स’ ही यादी घ्यावी. डीएचसीपीची यादी इथे चकवते, कारण उपकरण निघून गेले तरी दिलेल्या पत्त्याची मुदत संपेपर्यंत, अनेकदा चोवीस तास, त्याची नोंद तिथे राहते. वायरलेस यादीत केबलने जोडलेला टीव्ही दिसणार नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. सगळे फोन, बल्ब आणि टीव्ही बंद करूनही DA ची ओळ हलली नाही, तर कोणीतरी बाहेरचा जोडलेला आहे असे धरावे. बऱ्याचदा तो कधीकाळी पासवर्ड मिळालेला शेजारी किंवा पूर्वीचा भाडेकरूच निघतो.

अशा वेळी ‘ब्लॉक’चे बटण मोहात पाडते, पण ते फक्त तो मॅक पत्ता अडवते. फोनने नवा पत्ता घेतला की पाहुणा पुन्हा आत. म्हणून वायफायचा पासवर्डच बदलावा. WPA2 किंवा WPA3 सुरक्षा निवडावी आणि WPS बंद ठेवावे, कारण त्याच्या आठ अंकी पिनमधली त्रुटी 2011 पासून उघड आहे. राउटरच्या लॉगिनचा पासवर्डही वेगळा ठेवावा. नाहीतर एकदा आत आलेला माणूस admin/admin टाकून नवा पासवर्डही वाचू शकतो. यानंतर घरातली उपकरणे एकेक करून पुन्हा जोडावी लागतात. बल्बला त्यात सर्वाधिक वेळ जातो. प्रत्येक जोडणीबरोबर वाढलेल्या ओळीला राउटरमध्येच ओळखीचे नाव देता येते.