सवलतीचं बटण

बर्लिनमध्ये शिकायला आलेली एक मराठी मुलगी भुयारी रेल्वेच्या तिकीटयंत्रापुढे उभी राहिली. भाषा इंग्रजी केली, एबी विभाग निवडला. मग पूर्ण की सवलतीचं, असा प्रश्न आला. आपण विद्यार्थिनीच की, म्हणून तिने सवलतीवर बोट टेकवलं. यंत्राने वय विचारलं नाही, ओळखपत्रही नाही. पैसे घेतले आणि तिकीट दिलं.

गफलत इथेच झाली. ही सवलत 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी असते. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर तिकीट वेगळं, ते विद्यापीठामार्फत मिळतं.

डब्यात साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने तिकीट पाहिलं. शिक्का बरोबर, विभाग बरोबर, दर मात्र लहान मुलांचा. दंड 60 युरो! तिकिटावर दराचा प्रकार छापलेला होता. गाडीत चढण्याआधी तेवढा वाचला असता, तर पूर्ण तिकीट काढायला वेळ होता.