उशीर विमानाचा, जेवण कोणाचं?

देशातल्या विमानतळांवर उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कधी करायची, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात ठरलेलं आहे. हिशेब उड्डाणाच्या लांबीवर चालतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास आणि त्याहून लांबच्याला ४ तास किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल, तर खाणं-पिणं मोफत. अट एकच, चेक-इन वेळेत झालेलं हवं.

समजा, पुणे–दिल्ली विमान ७.१० ऐवजी १० वाजता सुटणार आहे. प्रवास अडीच तासांच्या आतला, उशीर पावणेतीन तासांच्या वर. म्हणजे हक्क लागू. तो ‘अपेक्षित’ उशिरावर मिळतो, त्यामुळे दोन तास उपाशी बसायची गरज नाही. गेटवरच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून थेट विचारा, “मील व्हाउचर कुठे मिळेल?” न मागता ते हातात पडेलच असं नाही. नकार मिळाला तर कारण लेखी मागा, फलकाचा फोटो काढा, खाण्याचं बिल जपून ठेवा आणि आधी कंपनीकडे, मग ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करा.

धुकं, वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेल्या उशिरात मात्र कंपनी ‘असाधारण परिस्थिती’चं कलम पुढे करू शकते. आणि लाउंज? तो या नियमात नाहीच. तिथला प्रवेश तिकिटाच्या वर्गावर किंवा तुमच्या कार्डावर.