नवा ई-मेल, नवं कार्ड, माणूस तोच

समजा, लग्नाच्या निमंत्रणाचे व्हिडिओ बनवून देणारा एक व्यावसायिक आहे. त्याला इंटरनेटवर एक सेवा सापडते. तयार नमुन्यात नावं, फोटो आणि मुहूर्त भरला की व्हिडिओ हातात येतो. पहिले 14 दिवस फुकट, पुढे दरमहा पैसे. पंधराव्या दिवशी तो पैसे न भरता दुसऱ्या ई-मेलनं नवं खातं उघडतो, मग तिसरं, मग चौथं. कार्ड मागितलं तर एकदा स्वतःचं देतो, एकदा बायकोचं, एकदा बँकेच्या ॲपमधून काढलेलं व्हर्च्युअल. प्रत्येक व्हिडिओ तयार करताना कंपनीचे संगणक राबतात आणि त्याचं बिल येतं. ते बिल शेवटी पैसे भरणाऱ्या ग्राहकांवरच पडतं.

असा माणूस ओळखायचा कसा? ज्या गोष्टी तो सहज बदलू शकतो त्या जवळजवळ निरुपयोगी, आणि ज्या बदलायला त्याला कष्ट किंवा पैसे पडतात त्या मोलाच्या, या हिशेबानं बघितलं की बरंच उलगडतं.

सर्वांत स्वस्त ई-मेल. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही आणि अधिक चिन्हापुढचा मजकूरही सोडून देतं. म्हणजे `abc@gmail.com`, `a.b.c@gmail.com` आणि `abc+lagna@gmail.com` या तिन्ही पत्त्यांची पत्रं एकाच पेटीत पडतात. त्यामुळे तुलनेआधी कंपनी टिंब आणि अधिकनंतरचा भाग काढून पत्ता सरळ करून घेते. टिंबांचा नियम मात्र सगळ्या मेलसेवांना लावता येत नाही. इतरत्र टिंब असलेला आणि नसलेला पत्ता ही दोन वेगळी माणसं असू शकतात. शिवाय पूर्णपणे नवा पत्ता काढायला काही मिनिटंच लागतात, म्हणून ही चाळणी फक्त आळशी माणसाला अडवते.

कार्ड जास्त उपयोगी. भारतात 1 ऑक्टोबर 2022 पासून वेबसाइटला ग्राहकाचा पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. तरी स्ट्राइपसारखी पेमेंट गेटवे नंबर न दाखवता त्या कार्डाची एक ठरावीक खूण देतात. तेच कार्ड वेगळ्या खात्यावर, वेगळ्या नावानं आलं तरी खूण तीच राहते. काही कंपन्या या खुणेऐवजी कार्डाचे शेवटचे चार आकडे जुळवतात, आणि इथे घोटाळा होतो. चार आकड्यांच्या फक्त 10,000 जोडण्या होतात. जेमतेम 120 ग्राहक असले तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचे शेवटचे आकडे सारखे निघण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. हजारो ग्राहकांच्या कंपनीत त्या आकड्यांवरून कुणाला दोषी धरणं हा सरळ अन्याय आहे. आणि व्हर्च्युअल कार्डाला नंबरच नवा मिळत असल्यानं खरी खूणही तिथे थांबते.

त्यानंतर येतं यंत्र. कुकी पुसणं सोपं आहे, म्हणून ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, फाँट, टाइमझोन अशा बारीक गोष्टी एकत्र करून ठसा तयार करतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं 2010 मध्ये केलेल्या चाचणीत 83.6 टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव निघाला होता. तो आकडा संगणकांच्या काळातला. आज एकाच मॉडेलचे लाखो फोन जवळजवळ सारखाच ठसा देतात. आयपी पत्ता तर आपल्याकडे अधिकच कच्चा पुरावा आहे, कारण मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात.

या बाबतीत ॲपलनं 2017 मध्ये दिलेली डिव्हाइसचेक ही सोय मला फार समंजस वाटते. प्रत्येक फोनमागे ॲप बनवणाऱ्याला फक्त दोन बिट मिळतात, म्हणजे चार अवस्था. त्यातला एक बिट ‘या फोनवर ट्रायल झाली’ एवढंच सांगतो. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन पूर्ण पुसला, तरी तो बिट राहतो, कारण तो ॲपलच्या सर्व्हरवर असतो. फोन कुणाचा हे मात्र कळत नाही. बिट शेवटचा कोणत्या महिन्यात बदलला हेही सोबत येतं. त्यामुळे जुना फोन विकत घेणाऱ्याला वर्षभरानं पुन्हा ट्रायल देता येते.

आता आपल्या व्यावसायिकाकडे परत जाऊ. त्याची अ, ब, क, ड, इ अशी पाच खाती आहेत. अ आणि ब यांचे जीमेल पत्ते सरळ केल्यावर एकच निघतात. ब आणि क यांच्या कार्डाची खूण एक. क आणि ड एकाच लॅपटॉपवरून उघडलेली. अ आणि ड यांच्यात थेट काहीच समान नाही, तरी साखळीनं चारही जोडली गेली. इ साठी त्यानं भावाचा लॅपटॉप, नवा मेल आणि व्हर्च्युअल कार्ड वापरलं. तरी एक गोष्ट तो मागे टाकू शकला नाही: प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी येणारा स्वतःच्या दुकानाचा लोगो. तीच फाइल पुन्हा चढवली की तिच्या मजकुरातून निघणारी गणिती बेरीज, म्हणजे हॅश, अक्षरन् अक्षर तीच येते, आणि जुळवणीसाठी चित्र उघडून बघावंही लागत नाही. लोगोचा आकार थोडा बदलला तर हॅश पूर्ण बदलते, हे खरं. पण बहुतेक जण ते करत नाहीत. शिवाय ड संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी इ जन्माला आलं होतं.

माझ्या मते सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं ते या साखळीतल्या धोक्याकडे. समजा, क खातं नेटकॅफेतल्या संगणकावरून उघडलं असतं. त्याच संगणकावरून महिन्याभरात आणखी 60 जणांनी खाती काढलेली. साखळी आंधळेपणानं जोडली तर ते 60 जण आणि त्यांच्या कार्डांना जोडलेली खाती एकाच ‘ठगा’च्या नावावर जमा होतात. म्हणून धाग्याचं वजन तो किती दुर्मीळ आहे यावर ठरवावं लागतं. दोनच खात्यांत दिसणारा लोगो भारी. 60 खात्यांत दिसणारं यंत्र किंवा सेवेनंच दिलेलं नमुन्यातलं चित्र जवळजवळ शून्य. एखादा गट अचानक फुगला, तर आधी गटावर नव्हे, धाग्यावर संशय घ्यायचा. आणि एक कार्ड दोन खात्यांत दिसलं तर ते नवरा-बायकोही असतील, दोघांनाही सेवा खरोखर हवी असेल.

म्हणूनच संशय आला की खातं बंद करणं हा चुकीचा उपाय आहे. नवी ट्रायल न देता थेट सशुल्क योजना दाखवावी, किंवा मोबाइलवर ओटीपी मागावा, किंवा ट्रायलमधल्या व्हिडिओवर कंपनीचं चिन्ह ठेवावं. लग्नघरी तसा व्हिडिओ पाठवता येत नाही, पण सेवा पारखता नक्की येते. ‘चूक वाटते? कळवा’ ही वाट उघडी ठेवावी आणि आलेली तक्रार माणसानं वाचावी.

अडवलेल्यांत निरपराध किती, हे तक्रारींवरून पुरतं कळत नाही, कारण बरेच जण मुकाट्यानं निघून जातात. त्यासाठी यंत्रणेनं संशयित ठरवलेल्या दर 100 खात्यांतली पाच, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी, न अडवता सोडून द्यायची आणि 14 दिवसांनी काय होतं ते बघायचं. त्यांतले पैसे भरणारे जवळजवळ कुणीच नसतील तर निकष बरोबर आहेत. पण तिथेही इतर नव्या ग्राहकांइतकेच लोक पैसे भरत असतील, तर ती यंत्रणा ठगांना नव्हे, गिऱ्हाइकांनाच दारातून परत पाठवत होती, आणि कोणत्या धाग्याला वजन जास्त दिलं ते पुन्हा तपासावं लागेल.